मजकूर तोच, मग ‘फॉरवर्ड’ का नको?

प्रश्न : आमच्या कंपनीत संशयास्पद मेल आला की तो आयटी सुरक्षा विभागाला कळवायचा असा नियम आहे. मला ‘पगारवाढीचं पत्र पाहा’ असा एक मेल आला. मी तो लगेच त्यांना फॉरवर्ड केला आणि बाकी कुणी फसू नये म्हणून आमच्या विभागातल्या सगळ्यांना सीसीत घेतलं. तर मलाच बोलणी बसली. म्हणे, ‘फॉरवर्ड करू नका, अटॅचमेंट करून पाठवा, आणि सगळ्यांना तर मुळीच पाठवू नका.’ मजकूर तोच जाणार ना? मग एवढा फरक कसला?
— लेखा विभागातील एक वाचक, नाशिक

उत्तर : मजकूर तोच जातो हे खरं, पण सुरक्षा विभागाला मजकुरात फारसा रस नसतो. पगारवाढ, थकलेलं बिल, अडकलेलं पार्सल ही आमिषं त्यांची पाठ झालेली असतात. त्यांना हवा असतो मेलचा प्रवास, आणि नेमका तोच फॉरवर्ड करताना गळून पडतो.

पोस्टाने आलेल्या निनावी पत्राचा विचार करा. पोलिसांना पत्राइतकंच पाकीट हवं असतं, कारण शिक्के पाकिटावर असतात. तुम्ही पत्रातला मजकूर आपल्या हाताने नव्या कागदावर उतरवला, नव्या पाकिटात घातला आणि जुनं पाकीट ठेवूनच दिलं, तर पोलिसांच्या हाती फक्त तुमच्या टपाल कचेरीचा शिक्का लागेल. साधं फॉरवर्ड करणं म्हणजे हेच.

मेलच्या पाकिटाला हेडर म्हणतात. एरवी ते आपल्याला दिसत नाही, पण प्रत्येक मेलसोबत असतं. तुम्हाला आला तशा एका मेलच्या हेडरचा निवडक भाग खाली दिला आहे. त्यातली नावं आणि आकडे नमुन्यासाठी घेतलेले आहेत.

```
Return-Path: <bounce@mailer.example>
Received: from mailer.example (203.0.113.45)
  by mx.company.example;
  Tue, 10 Jun 2025 05:42:11 +0000
Authentication-Results: mx.company.example;
  spf=pass smtp.mailfrom=mailer.example;
  dkim=none;
  dmarc=fail header.from=company.example
From: "HR Payroll" <payroll@company.example>
Reply-To: <payroll.desk@freemail.example>
Message-ID: <a81f27c0@mailer.example>
```

तुमच्या पडद्यावर यातली फक्त `From` ची ओळ दिसते. त्यात तुमच्याच कंपनीचा पत्ता आहे, म्हणून मेल घरचा वाटतो. पण ही ओळ पाठवणारा स्वतः लिहितो, तिथे त्याला हवं ते लिहिता येतं. परत आलेली टपाल कुठे जाणार हे `Return-Path` सांगतं, आणि तिथे भलतंच डोमेन आहे. तुम्ही उत्तर दिलं असतं तर ते `Reply-To` मधल्या तिसऱ्याच पत्त्यावर गेलं असतं. `Received` ची ओळ तुमच्या कंपनीच्या सर्व्हरने स्वतः लिहिलेली आहे, म्हणून 203.0.113.45 या यंत्राकडून मेल आला यावर विश्वास ठेवता येतो. खऱ्या मेलमध्ये अशा ओळी अनेक असतात आणि त्या खालून वर वाचायच्या असतात. आपल्या सर्व्हरच्या ओळीखाली जे काही असेल ते पाठवणाऱ्याने बनावट घातलेलं असू शकतं.

मधल्या ओळींतला `spf=pass` पाहून पुष्कळजण निर्धास्त होतात. त्याचा अर्थ एवढाच, की `mailer.example` या डोमेनच्या मालकाने त्या यंत्राला आपल्या नावे मेल पाठवायची परवानगी दिली होती. डोमेन चोराचंच असेल तर परवानगीही चोराचीच. खरी चुगली करतो तो `dmarc=fail`. परवानगी ज्या डोमेनने दिली ते एक आणि तुम्हाला दाखवलेलं दुसरं, असं तो सांगतो.

आता हा मेल तुम्ही साध्या पद्धतीने फॉरवर्ड केलात तर काय होतं? सुरक्षा विभागाला मिळतो तो एक नवाकोरा मेल. त्याची `From` तुम्ही, सर्व्हर तुमच्या कंपनीचा, `Message-ID` नवीन, आणि सगळ्या तपासण्या उत्तम गुणांनी उत्तीर्ण, कारण तो मेल खरोखरच तुमच्याकडून आलेला असतो! मूळ मेलमधलं खाली उरतं ते पाठवणारा, तारीख आणि विषय एवढंच, म्हणजे नेमकं चोराने दाखवण्यासाठी लिहिलेलं.

पाकीट हाती आलं की विभागाला बरंच काही करता येतं. `Message-ID`, `Return-Path` आणि यंत्राचा पत्ता घेऊन ते मेल सर्व्हरवर शोध घेतात आणि हाच मेल आणखी कुणाकुणाला गेला याची यादी काढतात. मग तो सगळ्यांच्या इनबॉक्समधून एकदम काढून टाकता येतो, न वाचणाऱ्यांच्याही. लिंकमधलं डोमेन कंपनीच्या नेटवर्कवर बंद करतात, आणि त्या डोमेनकडे आधी कोण जाऊन आलं हे नोंदींमध्ये पाहतात. या शेवटच्या कामासाठी वेळ नेमकी लागते. वरच्या नमुन्यात 05:42 लिहिलं आहे ते जागतिक वेळेप्रमाणे. नाशिकच्या घड्याळात तेव्हा सकाळचे 11 वाजून 12 मिनिटं झाली होती. म्हणून कळवताना ‘सकाळी’ असं न लिहिता तास-मिनिट लिहा आणि ती वेळ भारतीय आहे हेही लिहा. साडेपाच तासांच्या गोंधळात नोंदी शोधणारा माणूस भलत्याच पानावर बसून राहतो.

वेळेचं आणखी एक कारण आहे. सीईआरटी-इन या केंद्रीय संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत संस्थेने कळवाव्या लागतात, आणि त्या यादीत फिशिंग हल्लेही आहेत. ते कळवणं तुमचं काम नाही, तुमच्या सुरक्षा विभागाचं. पण त्यांचं घड्याळ सुरू होतं ते बहुधा तुमच्यासारख्या कुणाच्या तरी मेलवरून.

आता सीसीबद्दल. तुम्ही सावध करायला पाठवलंत, पण पोचलं काय? जिवंत लिंक असलेला मेल, आणि तोही ओळखीच्या सहकाऱ्याकडून. ‘बाहेरून आलेला मेल’ अशी जी पट्टी तुमच्या पडद्यावर कदाचित झळकली असेल, ती तुमच्या सहकाऱ्यांच्या पडद्यावर नसते, कारण मेल आतूनच आला. वरची ‘सावधान’ ही ओळ फोनवर घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटते. पगारवाढीची ओळ मात्र सुटत नाही. शिवाय विभाग जेव्हा मूळ मेल सगळीकडून काढून टाकतो, तेव्हा तुमची प्रत वेगळ्या `Message-ID` मुळे मागे उरते. ती वेगळी शोधून काढावी लागते. आणखी एक शक्यता असते. कचेरीतलं एखादं खातं आधीच चोराच्या ताब्यात गेलेलं असेल, तर सगळ्यांना दिलेली सूचना त्यालाही मिळते. आपण पकडले जातोय हे त्याला तुमच्याच मेलमधून कळतं.

फॉरवर्ड केलेल्या धाग्यात जिवंत लिंक राहिली की काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण जगजाहीर आहे. 2016 साली अमेरिकेत हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांच्या खासगी जीमेलवर 19 मार्चला गूगलच्या नावाने मेल आला. तुमचा पासवर्ड कुणीतरी युक्रेनमधून वापरला, ताबडतोब बदला, असं त्यात होतं आणि खाली बिटलीची आखूड केलेली लिंक होती. कार्यालयातल्या सहायकांनी जे करायला हवं ते केलं, म्हणजे मोहिमेच्या संगणक मदत कक्षाला विचारलं. पण विचारलं ते मेल फॉरवर्ड करून. मदत कक्षातल्या कर्मचाऱ्याने उत्तर दिलं की मेल खरा आहे, पासवर्ड लगेच बदला. आपल्याला ‘खोटा’ लिहायचं होतं, टंकताना चूक झाली, असं त्याने पुढे सांगितलं. त्याच उत्तरात त्याने पासवर्ड बदलण्यासाठी गूगलचा खरा पत्ताही दिला होता! म्हणजे एकाच धाग्यात वर खरी लिंक आणि खाली खोटी, दोन्ही दाबण्याजोग्या. दाबली गेली ती खालची. ऑक्टोबर 2016 पासून विकिलीक्सने पोडेस्टांचे मेल प्रसिद्ध करायला सुरुवात केली आणि जुलै 2018 मध्ये या प्रकरणासह इतर घुसखोरीबद्दल रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्याच्या 12 अधिकाऱ्यांवर अमेरिकेत आरोपपत्र ठेवलं गेलं. त्या कर्मचाऱ्याच्या एका शब्दावर सगळे बोट ठेवतात. मला वाटतं, तो शब्द चुकूनही वेळ निभावली असती, जर मूळ मेल धाग्यात उघडा पडलेला नसता. मग हाताशी उरली असती ती फक्त गूगलची लिंक.

तर करायचं कसं? तुमच्या आउटलुकमध्ये `Report` किंवा `Report phishing` असं बटण असेल आणि विभागाने तेच वापरा असं सांगितलं असेल, तर तेवढंच पुरे. बटण पाकिटासकट मेल पाठवतं आणि तुमच्या इनबॉक्समधून हलवतं. बटण नसेल तर मेल निवडून मेनूतलं `Forward as attachment` वापरा. जुन्या आउटलुकमध्ये `Ctrl+Alt+F` दाबलं की तेच होतं. जीमेलमध्ये संगणकावर मेल निवडला की वरच्या पट्टीतल्या तीन टिंबांखाली हा पर्याय मिळतो. मेल उघडल्यावर त्याच्या स्वतःच्या तीन टिंबांखाली `Show original` आहे. त्यात हेडर दिसतं आणि अख्खा मेल `.eml` फाइल म्हणून उतरवून घेता येतो. एक सांगायला हवं. खासगी जीमेलमधलं `Report phishing` गूगलला कळवतं, तुमच्या कचेरीला नाही. कामाचा मेल खासगी खात्यावर आला असेल तर ते बटण दाबून विभागाला कळवल्याचं समाधान मानू नका.

मेल जोडल्यावर वर चार ओळी लिहायच्या. विषयातच निकाल सांगा, कारण विभाग रांगेतला कोणता मेल आधी उघडायचा हे त्यावरून ठरवतो. तुमच्या बाबतीत मी असं लिहिलं असतं :

विषय : संशयास्पद मेल, पगारवाढ पत्र, लिंक उघडलेली नाही

‘10 जून 2025, सकाळी 11.12 (भारतीय वेळ) ला सोबतचा मेल माझ्या कचेरीच्या पत्त्यावर आला. 11.30 ला कंपनीच्या लॅपटॉपवर वाचला. लिंक उघडली नाही, उत्तर दिलं नाही, चित्रं डाउनलोड केली नाहीत. मनुष्यबळ विभाग अशी पत्रं मेलने पाठवत नाही म्हणून शंका आली. शेजारच्या दोन सहकाऱ्यांनाही आल्याचं त्यांनी तोंडी सांगितलं. लिंक : hxxps://payroll-letter[.]example/view. मूळ मेल इनबॉक्समध्ये तसाच ठेवला आहे. माझा अंतर्गत क्रमांक खाली.’

लिंकमधला `hxxps` आणि चौकोनी कंसातलं टिंब ही टंकलेखनाची चूक नाही. सुरक्षेच्या कामातली माणसं पत्ता मुद्दाम असा मोडून लिहितात, म्हणजे वाचता येतो पण दाबता येत नाही. मूळ मेल जोडलेला असेल तर लिंक वेगळी लिहिलीच पाहिजे असं नाही. लिहायचीच तर अशी लिहा. पत्ता पाहण्यासाठी संगणकावर माउस नुसता लिंकवर नेऊन ठेवायचा. फोनवर हा खटाटोप करू नका. बोट दाबून धरल्यावर काही फोन त्या पानाचं पूर्वदर्शन उघडूनच दाखवतात.

लिंकच्या शेपटीला कधी कधी लांबलचक अक्षरं-आकडे असतात. त्यात बऱ्याचदा तुमचा मेल पत्ताच सांकेतिक रूपात दडलेला असतो. कुणीही, कुठूनही ती लिंक उघडली तरी चोराला कळतं की अमुक माणसाचा पत्ता चालू आहे आणि मेल पोचलाय. म्हणूनच ‘तपासून बघू’ म्हणून ती सार्वजनिक तपासणी संकेतस्थळांवर टाकणं मला पटत नाही. तिथे टाकलेलं पुष्कळदा इतरांनाही दिसतं, आणि पाहणाऱ्यांत लिंक पाठवणाराही असू शकतो.

या सगळ्या पद्धतीची एक मर्यादा आहे. चोराने तुमच्या सहकाऱ्याचं खरं खातं ताब्यात घेऊन मेल पाठवला असेल, तर हेडर स्वच्छ असतं. `spf`, `dkim`, `dmarc` सगळे उत्तीर्ण होतात. तिथे तुमची एक ओळच कामाची : ‘कुलकर्णी साहेब मला कधीच इंग्रजीत लिहीत नाहीत’ किंवा ‘बँक खातं बदलल्याचं ते नेहमी फोनवर सांगतात’. असं वाटलं तर खात्री करायला त्यांना मेलने विचारू नका, उत्तर चोरच देईल. आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करा.

प्रश्न : आमच्याकडे असा मेल आला की बहुतेक जण स्क्रीनशॉट काढून ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात. स्क्रीनशॉटमधली लिंक तर दाबता येत नाही. मग हे सुरक्षितच नाही का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बऱ्याच अंशी सुरक्षित आहे, पण निरुपयोगी. चित्रात हेडर नसतं आणि दाखवलेल्या अक्षरांमागची खरी लिंकही नसते. विभागाला ते चित्र पाहून मूळ मेल मागावाच लागतो.

एका प्रकारात मात्र स्क्रीनशॉट लिंकइतकाच जिवंत असतो : मेलमध्ये क्यूआर कोड असेल तेव्हा. ‘तुमचं दोन टप्प्यांचं प्रमाणीकरण नव्याने करा, कोड स्कॅन करा’ अशा मेलांमध्ये लिंक मुद्दाम चित्रात दडवतात, कारण मजकुरातल्या लिंका चाळणाऱ्या गाळण्यांना ती सापडणं अवघड जातं. शिवाय स्कॅन होतं खासगी फोनने, जो कंपनीच्या नेटवर्कबाहेर असतो. असा स्क्रीनशॉट ग्रुपवर गेला की कोड जसाच्या तसा जातो आणि दुसऱ्या फोनवरून आरामात स्कॅन होतो. दाखवायचाच असेल तर अख्ख्या कोडवर काळा ठोकळा ओढा. थोडासाच भाग झाकून भागत नाही, कारण थोडा भाग खराब झाला तरी वाचता यावा अशीच क्यूआरची रचना असते.

मजकुरातली लिंक ग्रुपवर चिकटवणं तर त्याहून वाईट. व्हॉट्सअॅपमध्ये लिंक टाकली की खाली छोटं चित्र आणि मथळा येतो, तो पाठवणाऱ्याच्या फोनने त्या संकेतस्थळाकडे जाऊन आणलेला असतो. म्हणजे तुम्ही काही न दाबताही तुमचा फोन चोराच्या दारात जाऊन आला.

प्रश्न : मी लिंक दाबली, पासवर्डही टाकला, मग शंका आली. पासवर्ड लगेच बदलला. आता कळवायची गरज आहे का? खरं सांगायचं तर लाज वाटते.
— एक वाचक, पुणे

उत्तर : आहे, आणि आत्ता. मेल लिहीत बसू नका, फोन करा. ज्या खात्यावर शंका आहे त्याच खात्यातून लिहिलेला मेल चोरही वाचत असू शकतो.

पासवर्ड बदलला हे चांगलं केलंत, पण ते बहुधा पुरेसं नाही. अलीकडची बनावट पानं तुमच्या आणि खऱ्या संकेतस्थळाच्या मध्ये बसतात. तुम्ही टाकलेला पासवर्ड आणि ओटीपी ती खऱ्या ठिकाणी पोचवतात, आणि ‘हा माणूस आत आला आहे’ असं सांगणारी जी खूण ब्राउझरला मिळते ती स्वतःकडे ठेवतात. ती खूण नेहमीच पासवर्डाबरोबर मरते असं नाही. ती रद्द करायला विभागाने सगळी चालू सत्रं बंद करावी लागतात. शिवाय आत शिरलेला चोर अनेकदा मेलपेटीत एक नियम घालून ठेवतो. ‘बिल’ किंवा ‘बँक’ असा शब्द असलेले मेल एखाद्या कधीच न उघडल्या जाणाऱ्या फोल्डरमध्ये जातात किंवा बाहेर पाठवले जातात. तुम्ही पासवर्ड बदललात तरी तो नियम आपलं काम करत राहतो.

फोनवर हे सांगा : लिंक किती वाजता दाबली, कोणत्या यंत्रावर, कचेरीच्या नेटवर्कवर की घरच्या, नेमकं काय काय टाकलं, ओटीपी दिला का, फोनवर आलेली मंजुरी दाबली का, आणि तोच पासवर्ड आणखी कुठे वापरता. अटॅचमेंट उघडली असेल, त्यात `Enable Content` दाबलं असेल, तर तेही सांगा. मग यंत्र नेटवर्कपासून तोडा, वाय-फाय बंद करा आणि केबल काढा, पण विभागाने सांगितल्याशिवाय यंत्र बंद करू नका. काही पुरावा फक्त चालू यंत्राच्या स्मृतीत असतो. ब्राउझरचा इतिहास पुसणं, मेल उडवणं, घाईघाईने अँटिव्हायरस चालवणं हेही टाळा. त्यात शोधणाऱ्याच्या खुणाच पुसल्या जातात. पैशाचा व्यवहार झाला असेल तर सुरक्षा विभागाबरोबरच बँकेला आणि 1930 या क्रमांकावरही तेव्हाच कळवा.

लाजेचं म्हणाल तर तुमच्या आधी कुणी ती लिंक दाबली का, हे विभाग नोंदींमध्ये पाहणारच आहे. तुमची वेळ आधी मिळाली, तर पुढचं शोधणं तिथून सुरू करता येईल.